गोषवाऱ्यातली अवतरणचिन्हं

(मौखिक इतिहासाच्या मुलाखती नोंदवणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर मालवणात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

दीड तासाची मुलाखत आपण ऐकतो आणि तिचा दोन पानी गोषवारा लिहितो. पुढे लोक वाचतात ती ही दोन पानं. दीड तासाचं ध्वनिमुद्रण उघडून ऐकणारा विरळाच, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं केव्हा द्यायचं आणि आपल्या शब्दांत केव्हा सांगायचं, हे ठरवताना आपण त्याची साक्षच घडवत असतो. आज मी एकच मुलाखत घेऊन बोलतो. माणसाचं नाव, गाव सांगत नाही. रापणीवर आयुष्य काढलेले वयस्कर गृहस्थ आहेत, एवढं पुरे.

पहिली वीसेक मिनिटं ते रापण कशी लावायची ते सांगतात. होडीतून जाळं कसं सोडत नेतात, किनाऱ्यावर दोन बाजूंनी माणसं कशी ओढतात, तारली-बांगडा आला की वाटे कसे पडतात. मध्ये तीनदा मागे जातात, एकदा नातवाला हाक मारतात. हे सगळं आपल्या शब्दांत, सरळ क्रमाने लिहा. इथे त्यांच्या वाक्यांना वेगळा भार नाही, कामाच्या क्रमाला आहे. क्रम लावून देण्याचं काम गोषवाऱ्याचंच. मात्र तांडेल, वाटो, वाव हे शब्द त्यांचेच ठेवा.

मग प्रश्न येतो, की रात्री मोठ्या बोटी किनाऱ्याजवळ येत का? उत्तर असं आहे: "इले. रातीचे इले. आमचो झील तेव्हा मशिनीवर कामाक. त्या रातीक थंय होतो. पाच वाव पाण्यात जाळा मारल्यांनी."

या चार-पाच वाक्यांवर बराच वेळ घालवावा लागेल. पुण्या-मुंबईकडे वाढलेल्या मुलाने हे उतरवलं, तर "थंय होतो" याचं तो "मी तिथे होतो" करील. प्रमाण मराठीत "होतो" म्हटलं की "मी" आलाच. मालवणीत मात्र "तो होतो", आणि स्वतःबद्दल बोलायचं तर "मी होतंय". म्हणजे त्या रात्री बोटीवर मुलगा होता आणि वडील ऐकीव सांगताहेत. एका क्रियापदाने ऐकीव माहितीची डोळ्यांदेखतची साक्ष होऊन बसते. त्यात पाच वाव म्हणजे साधारण तीस फूट पाणी. 1981च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली कुठल्या नौकेने किनाऱ्याच्या किती जवळ, किती खोलीत मासेमारी करायची यावर निर्बंध घालता येतात. तेव्हा हा आकडा उद्या कुणी वादात पुढे करील, तर तो कुणी पाहिला होता, हे आधी विचारलं जाईल.

इथे काय करायचं? मूळ मालवणी अवतरणात दिली, तर ती खरी असूनही जिल्ह्याबाहेरचा वाचक चुकीची वाचणार. प्रमाण मराठीत आणून अवतरणात घातली, तर ते त्यांचे शब्दच नव्हेत, आणि अवतरणचिन्हं तर शब्द त्यांचे असल्याची हमी देतात. म्हणून इथे आपले शब्द अधिक सुरक्षित: "त्या वेळी यांत्रिक बोटीवर कामाला असलेला त्यांचा मुलगा त्या रात्री तिथे होता. बोटीने पाच वाव पाण्यात जाळं मारलं, असं ते सांगतात. त्यांनी स्वतः ते पाहिल्याचं मुलाखतीत म्हटलेलं नाही." लांबतं, पण लांबू दे. पुढे मिनिट आणि सेकंद लिहा, म्हणजे शंका असेल त्याला तेवढाच तुकडा ऐकता येईल.

आपल्या भाषेची आणखी एक खोड इथे आड येते. "ते म्हणाले की मी तिथे होतो" असं आपण सहज लिहितो. चिन्हं नाहीत, पण "मी" आहे, आणि वाचक ते उद्धरण म्हणूनच घेतो. गोषवाऱ्यात आपले शब्द असतील तिथे "आपण तिथे होतो, असं त्यांनी सांगितलं" अशी रचना ठेवा. कानाला जरा कारकुनी लागते, माझीही आवडती नाही. पण त्यात शब्दांवर त्यांचा हक्क सांगितला जात नाही.

आता उलट बाजू. थोड्या वेळाने ते म्हणतात, "रापणीत म्हाताऱ्याकय वाटो, पोराकय वाटो. मशिनीत कोणाक वाटो?" एका कार्यकर्तीने याचं केलं होतं: रापणीत सर्वांना वाटा मिळे, यांत्रिक मासेमारीत तो कुणालाच मिळत नाही. अर्थ तोच वाटतो ना? पण त्यांनी प्रश्न विचारला होता, आपण त्याचं विधान केलं. शिवाय ते विधान वस्तुस्थिती म्हणून टिकणारं नाही. यांत्रिक बोटींवरही खलाशांना पुष्कळ ठिकाणी मिळकतीत हिस्सा असतो. त्यांचा रोख किनाऱ्यावर दोर धरायला येणाऱ्या म्हाताऱ्या-पोरांकडे आहे. तो त्यांचा निवाडा आहे, आणि माणसाचा निवाडा आपल्या शब्दांत आला की आपलीच माहिती होऊन बसतो. इथे अवतरण हवंच, मालवणीतच हवं, आणि अर्थाची ओळ चिन्हांबाहेर.

याच मुलाखतीत मुलाखतकार विचारतो, "म्हणजे पर्ससीनने तुम्हाला उद्ध्वस्त केलं?" ते म्हणतात, "होय तर." गोषवाऱ्यात "पर्ससीनने आम्हाला उद्ध्वस्त केलं" हे त्यांच्या नावावर, अवतरणात आलं होतं. तो शब्द मुलाखतकाराचा. फार तर "विचारल्यावर त्यांनी दुजोरा दिला" एवढंच लिहिता येतं. उद्धरण निवडलं की त्याच्या आधीचा प्रश्न ऐका. नेमकं ठसठशीत वाक्य पुष्कळदा प्रश्नातूनच आलेलं असतं.

तारखांचं थोडक्यात सांगतो. पर्ससीनवर निर्बंध "चौदा साली" आले, असं ते म्हणतात. राज्याचा आदेश फेब्रुवारी 2016चा आहे. गुपचूप 2016 लिहिलंत, तर ते बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घातलंत. नुसतं अवतरण दिलंत, तर चूक पुढे चालत राहिली. तेव्हा आपल्या शब्दांत त्यांचं साल द्या आणि चौकोनी कंसात आदेशाची तारीख द्या.

शेवटी आरोप. एका अधिकाऱ्याचं नाव घेऊन ते म्हणतात, "पैशे खाल्ल्यान." पुष्कळांना वाटतं, अवतरणात दिलं की जबाबदारी बोलणाऱ्याची. तसं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी प्रसिद्ध करणाराही येतो, आणि "मी फक्त त्याचे शब्द दिले" हा काही आपोआप बचाव होत नाही. म्हणून इथे आपले शब्द, नावाशिवाय: "परवान्यांच्या व्यवहारात एका अधिकाऱ्याने पैसे घेतल्याचा आरोप ते करतात." आता "आरोप" हा शब्द जड वाटून कुणी "भ्रष्टाचाराबद्दल ते सांगतात" असं मऊ करतं. ते अधिक वाईट, कारण त्यात भ्रष्टाचार झाला हे आपणच धरून चाललो. दुसरं कुणी "भ्रष्ट साखळी" लिहितं. ते बोलले एका माणसाबद्दल, साखळीबद्दल नव्हे. आणि ध्वनिमुद्रणातलं ते नाव खुलं ठेवायचं की बंद, हे गोषवारा लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. त्यासाठी त्या गृहस्थांच्या संमतीपत्रात काय लिहिलं आहे, ते आधी काढून वाचा.