अमावास्या पहिलीला, पूजा एकतीसला

नमस्कार मंडळी. मला पाच मिनिटं दिली आहेत, म्हणजे आपल्या मंडळाच्या हिशोबात पंधरा.

२०२४ची दिवाळी होऊन गेली तरी आमच्या घरात त्या भांडणाचा धूर अजून आहे. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी लक्ष्मीपूजन असं मी जाहीर केलं आणि लेक फोन घेऊन समोर उभी. तिने चंद्राच्या वेळा सांगणाऱ्या एका साइटवर आपलं इथलं शहर, न्यूयॉर्क, टाकून बघितलं होतं. न्यू मून, १ नोव्हेंबर, सकाळी ८:४७. "बाबा, अमावास्या पहिलीला आहे, पुण्यात आजी पण पहिलीलाच करतेय, मग फक्त तुम्हालाच एकतीसला का हवीय?" आता एकतीसला हॅलोवीन, बाईसाहेबांचा ड्रेस इस्त्री करून तयार, त्यामुळे हा शोध निव्वळ ज्ञानासाठी नव्हता हे तुम्हाला कळलंच असेल. पण प्रश्न चोख होता, आणि मला उत्तर येत नव्हतं. मी बापाचं नेहमीचं उत्तर दिलं, "मी सांगतोय म्हणून." त्यावर दार आपटलं गेलं.

मग रात्री बसलो कालनिर्णय घेऊन. भाऊबीजेपर्यंत फ्रीजवर लटकतं आणि पुढे फक्त दुधाचा हिशोब लिहायला वापरतो, तेच. त्यात अमावास्येची भारतातली वेळ: ३१ला दुपारी ३:५२ पासून १ला संध्याकाळी ६:१६ पर्यंत. मी पटकन साडेदहा तास वजा केले आणि काही जुळेचना. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली, आपली घड्याळं ३ नोव्हेंबरला मागे जाणार होती, अजून फरक साडेनऊचाच! इतकी वर्षं इथे राहून ही अवस्था. साडेनऊ वजा केल्यावर अमावास्या इथे ३१ला सकाळी ६:२२ला सुरू आणि १ला सकाळी ८:४६ला संपली. आणि साइटवर काय, ८:४७. एका मिनिटाचा फरक!

तिथेच सगळी गंमत आहे बघा. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. अशा तीस. अमावास्या हे शेवटचे बारा अंश, आणि ते संपतात तो क्षण म्हणजे साइटचा न्यू मून. पौर्णिमेचंही तसंच, फुल मून म्हणजे पौर्णिमा सुरू नव्हे, संपली. साइट डेक्कन क्वीन दादरला पोचायची वेळ सांगते, पंचांग पुण्याहून सुटल्यापासूनचा सगळा प्रवास सांगतं. म्हणून साइटची तारीख बऱ्याचदा सणाच्या दुसऱ्या दिवशीची निघते. आणि तुमची वजाबाकी बरोबर आहे का हे बघायचं असेल तर तिथीचा शेवट साइटच्या वेळेशी जुळवा. तासाभराचा फरक आला तर घड्याळात घोळ केलाय समजा, माझ्यासारखा.

आता आजी पहिलीला का? लक्ष्मीपूजन प्रदोषात, सूर्यास्तानंतर. पुण्यात १ला सूर्य सहाच्या सुमारास मावळला आणि अमावास्या ६:१६ पर्यंत होती, जेमतेम पंधरा मिनिटं, पण होती. तिथे दोन्ही संध्याकाळी अमावास्या मिळत होती, म्हणून तर एकतीस की पहिली यावर भारतभर वाद झाला आणि महाराष्ट्रातल्या पंचांगांनी दुसरा दिवस धरला. इथे मात्र पहिलीची संध्याकाळ म्हणजे सरळ प्रतिपदा, अमावास्या सकाळच्या चहाबरोबर संपलेली. तिथी सगळ्या जगात एकाच क्षणी संपते हो, संध्याकाळ मात्र प्रत्येक गावाची वेगळी. त्यामुळे आजी बरोबर, मी पण बरोबर, आणि लेकीने जी तारीख शोधली तीही बरोबर.

हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग कोजागिरीला तुम्ही सगळ्यांनी काय केलं?" आता बोला. १७ ऑक्टोबरला सकाळी ७:२६ला फुल मून, म्हणजे रात्र सोळाची, त्या रात्री आपण कोणीच जमलो नव्हतो. मंडळाने दूध ठेवलं १९ला, कारण शनिवार, हॉल मिळाला. त्या दिवशी तृतीया, आणि रात्री सव्वानऊला तर चतुर्थी लागली, बासुंदी आटेपर्यंत तिथी बदलली होती! कमिटीत मीही होतो, त्यामुळे हसू नका, माझ्याकडेच बघा.

शनिवारशिवाय आपल्याला जमत नाही हे मलाही माहीत आहे, सोमवारी ऑफिस कुणाला चुकलंय. पण मुलीला हे काय सांगू? घरी तिथीसाठी दार आपटेपर्यंत भांडणारा बाप हॉलच्या बुकिंगसाठी तीन दिवस सोडून देतो. तिने शेवटी दोन्ही केलं, आधी पूजा, मग परीचे पंख लावून चॉकलेटं गोळा करायला, कपाळावरचं कुंकू तसंच. जाताना विचारलं, "मी मोठी झाल्यावर कुठलं शहर टाकून बघू, तुमचं का माझं?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. दूध तयार आहे असं मागून खुणावतायत, थांबतो.