डावा कान बंद: घाऊक व्यापाऱ्याला लिहायचं पत्र

(मोबाइल ॲक्सेसरीज विकणाऱ्या दुकानदारांच्या बैठकीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकाच पत्राबद्दल बोलायचं आहे. आपल्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या दुकानदाराने मुंबईहून वायरचे २०० इअरफोन मागवले, ६५ रुपये नग, वर १८ टक्के जीएसटी. पहिले १२ विकले आणि त्यातले ७ परत आले. सगळ्यांची तक्रार एकच, डाव्या कानात आवाज नाही.

अशा वेळी आपण फोन उचलतो आणि म्हणतो, "शेठ, माल खराब आलाय." समोरून उत्तर ठरलेलं असतं: "गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा जॅक खराब असेल." बोलणं तिथेच अडतं. म्हणून आधी तपासणी, मग पत्र.

मोबाइलच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल सरकलेला असला तरी एक कान बंद वाटतो, त्यामुळे दोन वेगळ्या मोबाइलवर ऐकून पाहा. त्यानंतर मल्टिमीटर ओहमवर ठेवा. माइकवाल्या पिनेवर चार पट्टे असतात. टोक डाव्या कानाचं, दुसरा पट्टा उजव्याचा. आजकालच्या बहुतेक इअरफोनमध्ये तिसरा पट्टा अर्थिंगचा आणि चौथा माइकचा असतो. एक प्रोब टोकाला, दुसरा तिसऱ्या पट्ट्याला लावा. धड नगात साधारण १६ किंवा ३२ ओहमच्या आसपास आकडा येतो आणि कानात बारीक खरखर ऐकू येते. सर्किट तुटलेलं असेल तर मीटर OL दाखवतो. दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे उजव्या बाजूला, आकडा नीट येत असेल तर दोष फक्त डाव्या बाजूचा आहे हे पक्कं झालं. मोबाइलचा यात संबंधच उरत नाही, आणि म्हणूनच ही चाचणी मला मोलाची वाटते.

या दुकानदाराने उरलेले १८८ नग असे तपासले. ७१ बंद निघाले. एका बंद नगाची पिन कापून पाहिली, तर टोकाला जाणारी तार हात लावताच सुटली. या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. सोल्डरिंग करताना तो नीट जळाला नाही तर सोल्डरचा डाग वरून बसल्यासारखा दिसतो, पण आत पकडत नाही. एकाच खेपेत एकाच बाजूला हे इतक्या वेळा घडतं तेव्हा दोष बनवतानाचा असण्याची शक्यता मोठी. तरी पत्रात कारणावर जोर देऊ नका. जे मोजलं तेवढंच लिहा. त्याने लिहिलेलं पत्र असं:

"स. न. वि. वि. आपल्याकडून अमुक तारखेच्या अमुक बिलाने २०० इअरफोन मिळाले. पाकिटांवरचा बॅच नंबर सोबतच्या फोटोत आहे. विकलेल्यांपैकी ७ आणि शिल्लक मालातील ७१, असे ७८ नग डाव्या बाजूने बंद आहेत. प्रत्येकाची उजवी बाजू चालू आहे. मीटरवरच्या तपासणीचा व्हिडिओ आपल्याला पाठवला आहे. हे ७८ नग मी नाकारत असून ते वेगळे बांधून ठेवले आहेत. आपण माणूस पाठवावा किंवा कोणत्या ट्रान्सपोर्टने पाठवू ते कळवावे. ७८ नगांचे ५,०७० रुपये व त्यावरील जीएसटी ९१२ रुपये ६० पैसे, एकूण ५,९८२ रुपये ६० पैसे, परत मिळावेत व त्याची क्रेडिट नोट द्यावी. कृपया आठ दिवसांत उत्तर द्यावे. कळावे."

या पत्रात शेठची अब्रू काढलेली नाही आणि गयावयाही केलेली नाही. 'नाकारत आहे' हे मात्र स्पष्ट लिहिलं आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात खरेदीदाराने वाजवी वेळेत नकार कळवला नाही तर त्याने माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून दोष कळताच पत्र गेलं पाहिजे. घाऊकवाले नुसती 'चेकिंग वॉरंटी' देतात, तिथे तर माल उतरला की लगेच तपासावा. त्याच कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर नाकारलेला माल स्वतः पोहोचवण्याचं बंधन खरेदीदारावर नाही, नकार कळवणं पुरेसं आहे. त्यामुळे उत्तर येण्याआधी घाईने खोकं ट्रान्सपोर्टला टाकू नका. माल तिकडे पोहोचला की नग किती होते यावरूनच वाद सुरू होतो.

पूर्ण २०० चे पैसे का मागितले नाहीत, असं कुणी विचारेल. मागता येतात, पण काही नग विकून झाल्यावर सबंध खेप नाकारण्याची बाजू दुबळी होते. ७८ चा हिशेब पुराव्यासकट आहे, तो खोडून काढणं अवघड.

पत्र व्हॉट्सॲपवर पाठवा आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. ग्राहक आयोगात जाईन असं मात्र लिहू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही आणि शेठला ते माहीत असतं. आपली वाट दिवाणी दाव्याची. सहा हजारांसाठी ती कुणालाच परवडत नाही, म्हणून बहुतेकदा तडजोड पुढच्या बिलात वजावट करून होते. ती स्वीकारायला हरकत नाही, फक्त क्रेडिट नोट हातात आल्याशिवाय पुढची ऑर्डर देऊ नका.