रडार चार्टवर कोण भारी दिसणार, हे आधीच ठरलेलं असतं!

नमस्कार मंडळी. गेल्या वेळच्या इंटरव्ह्यूच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकाच गोष्टीच्या होत्या, "सर, उमेदवारांची तुलना करायला तो कोळ्याच्या जाळ्यासारखा चार्ट कसा काढायचा?" काढायला काही नाही हो. एक्सेलमध्ये डेटा सिलेक्ट करा, Insert मध्ये जा, Radar निवडा, झालं. पण काढू नका. का, ते सांगतो.

माझीच फजिती सांगतो. एका ठिकाणी डेटा ॲनालिस्ट घ्यायचा होता आणि शेवटच्या फेरीत दोघं उरले होते. मी हौसेने रडार काढला, पॅनलसमोर लावला, आणि सगळे एकदम म्हणाले, "हा निळा मोठा आहे, हाच घ्या." मलाही पटलं. घरी येऊन सहज कॉलम इकडेतिकडे केले तर निळा बारीक झाला ना राव! मार्क तेच, माणूस तोच.

आता नीट बघा, आकडे सोपे करून घेतलेत. सहा स्किल्स, प्रत्येकाला १० पैकी मार्क. उमेदवार अ: एसक्यूएल ९, एक्सेल ९, पायथन ९, बोलणं ३, लिहिणं ३, धंद्याची समज ३. उमेदवार ब: सगळीकडे ६. दोघांची बेरीज ३६. जाळ्यात प्रत्येक स्किलची एक रेघ मधून बाहेर जाते, मार्क जितके जास्त तितका तिच्यावरचा ठिपका मधापासून लांब, आणि ठिपके जोडले की आकार तयार. त्यातला रंगवलेला भाग म्हणजे सहा त्रिकोण, आणि प्रत्येक त्रिकोणाचं क्षेत्रफळ शेजारशेजारच्या दोन मार्कांच्या गुणाकारावर ठरतं. शेजारच्या, हे लक्षात ठेवा. अ चे गुणाकार ८१, ८१, २७, ९, ९, २७, बेरीज २३४. ब चे सहा वेळा ३६, म्हणजे २१६. अ मोठा दिसला.

आता फक्त क्रम बदलू. एसक्यूएल, मग बोलणं, मग एक्सेल, मग लिहिणं, असं एक टेक्निकल एक दुसरं. अ च्या प्रत्येक ९ शेजारी ३ आला, सहाही गुणाकार २७, बेरीज १६२. ब तसाच २१६. म्हणजे मघाशी जिंकलेला अ आता ब च्या पाऊणपट! बरं, हा क्रम कोणी ठरवला? कोणीच नाही, शीटमध्ये ज्या ओळीत टाईप केलं तो.

गणित नको असेल तर कागदावर करा. घड्याळाच्या तबकडीवर १२, २, ४, ६, ८, १० ला स्किल्स लिहा आणि अ चे ठिपके जोडा. पहिल्या क्रमाने एका बाजूला फुगलेला आकार येईल, दुसऱ्या क्रमाने तीन टोकांची चांदणी. बघणारा म्हणणार, "हा फार टोकाचा दिसतोय." अहो, टोकं तुम्ही काढलीत!

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की एसक्यूएलच्या ठिपक्यापासून बोलण्याच्या ठिपक्यापर्यंत जी रेघ जाते तिच्या मधल्या जागेला अर्थ काय? "अर्धं एसक्यूएल, अर्धं बोलणं" असं काही नसतंच. रेघेलाच अर्थ नाही, तर तिने वेढलेल्या भागाला कुठून येणार?

एकाने कमेंट केली होती, "सर, फुटबॉलच्या गेममध्ये प्लेयर कार्डवर पण षटकोन असतो, ते काय येडे आहेत का?" नाही रे बाबा. पण तिथे सगळ्यांच्या कार्डावर क्रम तोच, तू शेकडो कार्डं बघितलीस, तुझी नजर बसलीये. इंटरव्ह्यू पॅनल ते जाळं आयुष्यात एकदा बघतं, तेही चहा पिता पिता.

अजून एक, पटकन सांगतो. सगळीकडे ४ वाला आणि सगळीकडे ८ वाला शेजारी ठेवा. मार्क दुप्पट, पण रंगवलेला भाग चौपट. आणि तीन-चार जण एकावर एक टाकले तर खालचे रंग दिसतच नाहीत, ते वेगळंच.

मग काढायचं काय? ठिपक्यांचा चार्ट. डावीकडे स्किल्स एकाखाली एक, खाली ० ते १० ची एकच पट्टी, प्रत्येक ओळीत अ चा एक ठिपका आणि ब चा एक. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये लोकांवर प्रयोग करून दाखवलं की एकाच पट्टीवरची जागा डोळा लांबी किंवा कोनापेक्षा अचूक वाचतो, आणि त्यांच्या क्रमवारीत क्षेत्रफळ त्याच्याही खाली आहे. इथे ओळी वरखाली केल्या तरी कोणी मोठा-लहान होत नाही, आणि "लिहिण्यात अ तीन मार्कांनी मागे आहे" हे सरळ दिसतं. मग त्या जागेला लिहिणं किती लागतं, यावर पॅनलने भांडावं.

गोल चार्ट सगळेच वाईट, असं मी म्हणत नाहीये हां, नाहीतर कमेंटमध्ये सुरू व्हाल. वाऱ्याच्या दिशा घ्या, वर्षाचे महिने घ्या. डिसेंबरनंतर जानेवारीच येतो, तिथे क्रम आपण बनवलेला नाही. एक्सेलनंतर पायथनच यावं असं कुठे लिहिलंय?