नकाशावर जवळ, तारेवर लांब: स्पीड टेस्टचा सर्व्हर निवडताना
(मालवणात एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, या सभागृहातल्या इंटरनेटचा वेग आपण आत्ता तुमच्यासमोरच तीनदा मोजला. लाइन तीच, लॅपटॉप तोच, आणि वायफायचा घोळ नको म्हणून तो राउटरला केबलनं जोडलेला. पणजीच्या सर्व्हरवर आकडा आला ६१, मुंबईच्या सर्व्हरवर ९४ आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सर्व्हरवर २३. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. मागून एक गृहस्थ लगेच म्हणाले, "मगे खरो आकडो खयचो?" त्यांचा प्रश्न बरोबर आहे आणि आजचा सगळा वेळ मी त्यालाच देणार आहे.

आधी एक गोष्ट पक्की करू. स्पीड टेस्ट तुमच्या लाइनचा वेग मोजत नाही. ती तुमच्या लॅपटॉपपासून एका विशिष्ट सर्व्हरपर्यंतच्या अख्ख्या वाटेचा वेग मोजते. त्या वाटेत तुमचा राउटर येतो, खांबावरची फायबर येते, कंपनीचं तालुक्याचं केंद्र येतं, घाटातून किंवा महामार्गाच्या कडेनं मुंबईकडे जाणारी लाइन येते, दोन कंपन्यांची जाळी जिथे जुळतात ती जागा येते, आणि शेवटी तो सर्व्हर स्वतः येतो. यातला जो टप्पा सगळ्यांत अरुंद, तोच आकडा पडद्यावर दिसतो. सर्व्हर बदलला की वाट बदलते. मग आकडा बदलला तर नवल ते काय?

अंतरामुळे वेग कमी का व्हावा, हे मात्र पटकन पटत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, मग अमेरिका काय आणि आंबोली काय! पण डेटा एका दमात सोडला जात नाही, त्याचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटं करून तो पाठवतात. पाठवणारा सर्व्हर सुरुवातीला साधारण दहा पाकिटं सोडतो आणि पोच यायची वाट बघतो. पोच आली की वीस, मग चाळीस, मग ऐंशी. प्रत्येक फेरीला दुप्पट. एका फेरीला लागणारा वेळ म्हणजे पडद्यावर दिसणारा पिंग, तोही मिलिसेकंदात.

आपल्या आकड्यांवरच हिशेब करू. मुंबईचा पिंग होता १४-१५. एवढ्या पिंगला १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरायची तर कुठल्याही क्षणी वाटेत सुमारे १२८ पाकिटं असावी लागतात. दहावरून तिथे पोचायला चार फेऱ्या पुरतात, म्हणजे सेकंदाचा सोळावा भागही लागत नाही. अमेरिकेचा पिंग होता २४०. तीच लाइन भरायला आता वाटेत दोन हजारांवर पाकिटं लागतात, त्यासाठी आठ फेऱ्या, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद. टेस्ट असते दहा-पंधरा सेकंदांची. बऱ्याच टेस्ट सुरुवातीचा हा चढ हिशेबातून वगळतात आणि एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतात, त्यामुळे एवढ्यावर भागलं असतं.

खरा फटका पाकीट हरवलं की बसतो. लांबच्या वाटेवर कुठेतरी एखादं पाकीट गळतंच. तसं झालं की पाठवणारा समजतो, पुढे गर्दी आहे, आणि वेग खाली आणतो. जुन्या पद्धतीत वेग निम्मा व्हायचा आणि पुढे प्रत्येक फेरीला एक-एक पाकीट वाढवत पूर्वपदावर यायचं. मुंबईच्या बाबतीत ६४ पाकिटं भरून काढायची, फेरी १५ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदभरात गाडी रुळावर. अमेरिकेच्या बाबतीत हजारावर पाकिटं आणि फेरी २४० मिलिसेकंदांची. करा गुणाकार: चार मिनिटं! आजच्या पद्धती याहून बऱ्याच हुशार आहेत, इतका वेळ त्या घेत नाहीत, पण लांब अंतराचा तोटा त्यांनाही पूर्ण टाळता आलेला नाही. तेव्हा तो २३ चा आकडा तुमच्या कंपनीला दाखवून भांडण्यात अर्थ नाही. त्या आकड्यात अर्धं जग आलं.

आता पणजीकडे येऊ, कारण कोकणातली खरी गोम तिथे आहे.

मालवणहून पणजी सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटर. मुंबई सुमारे ३४०. मग पणजीचा पिंग मुंबईपेक्षा कमी यायला हवा ना? फायबरवर दर १०० किलोमीटर अंतराला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद धरा. म्हणजे सरळ तार असती तर पणजीच्या अंतराचा वाटा एक मिलिसेकंदाच्या आत बसला असता. आपल्याला दिसला २७, मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. याचा अर्थ एकच: आपला डेटा इथून मुंबईला गेला आणि मुंबईहून पुन्हा गोव्यात उतरला. मालवणचा माणूस पणजीला जायला मुंबई गाठत नाही, पण पाकीट गाठतं.

कारण असं की या सभागृहाची लाइन एका कंपनीची आहे आणि पणजीचा सर्व्हर दुसरीच्या जाळ्यात आहे. दोन कंपन्यांची जाळी बांदा-पत्रादेवीच्या नाक्यावर जुळत नाहीत. ती जुळतात मोठ्या शहरात, इंटरनेट एक्स्चेंजवर, आणि आपल्या बाजूचं ते शहर मुंबई. परदेशातून येणाऱ्या समुद्री केबलही आपल्या बाजूला किनाऱ्याला लागतात त्या मुंबईतच, बऱ्याचशा वर्सोव्याकडे. समोर अथांग समुद्र असला तरी आपल्याला त्यांचा थेट उपयोग नाही. त्यामुळे मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर, कुठूनही निघालेला डेटा बहुधा आधी मुंबईची वाट धरतो, कधी पुण्याची.

हे तुम्हाला घरी तपासता येतं. विंडोजवर कमांडची काळी खिडकी उघडायची आणि `tracert` लिहून पुढे ज्या सर्व्हरकडे जायचं त्याचा पत्ता द्यायचा. वाटेतल्या राउटरांची यादी येते. काही ओळींत नुसते तारे दिसतील, त्यांना घाबरू नका, ते राउटर उत्तर देत नाहीत एवढंच. पण एखाद्या नावात `bom` किंवा `mum` दिसलं की समजा, पाकीट मुंबईला जाऊन आलं.

आणखी एक गंमत. एकाच फोनवर ब्राउझरमधून टेस्ट केली की एक सर्व्हर येतो आणि अॅपमधून केली की दुसरा. ब्राउझरला तुम्ही लोकेशन दिलेलं नसलं तर टेस्ट तुमच्या आयपी पत्त्यावरून अंदाज बांधते, आणि कंपनीनं तो पत्ता मुंबईच्या नावावर नोंदवलेला असेल तर तुम्ही तिला मुंबईकर वाटता. अॅपला लोकेशनची परवानगी असेल तर तुम्ही वेंगुर्ल्यात बसलाय हे तिला कळतं आणि ती नकाशावर जवळचे सर्व्हर गोळा करते: पणजी, म्हापसा, कोल्हापूर, बेळगाव. त्यातला सगळ्यांत कमी पिंगचा ती निवडते हे खरं, पण मुंबई मुळात त्या यादीतच नसेल तर निवडणार कशी? आपोआप निवडलेला सर्व्हर म्हणून वाईट नसतो, पण आंधळेपणानं स्वीकारायचाही नसतो.

मग निवडायचा कसा? ऊक्लाच्या स्पीडटेस्टवर सर्व्हरच्या नावाखाली `Change Server` असतं. तिथे मुंबई लिहून शोधा, पुणे लिहून शोधा. चार-पाच सर्व्हर घ्या आणि आधी नुसता पिंग बघा. सर्वांत कमी पिंगचा, तो तुमच्यासाठी जवळचा, मग नकाशा काहीही म्हणो. ज्यांना कमांडची सवय आहे त्यांनी ऊक्लाचा कमांडवर चालणारा स्पीडटेस्ट प्रोग्राम आधी बसवून घ्यावा आणि असं करावं:

```
speedtest -L
speedtest -s क्रमांक
```

पहिली ओळ जवळच्या सर्व्हरांची यादी क्रमांकासह देते. दुसरीत त्यातला हवा तो क्रमांक टाकायचा. फायदा असा की रोज त्याच सर्व्हरवर मोजलं जातं. सोमवारी मुंबईवर आणि गुरुवारी पणजीवर मोजून "वेग पडला" म्हणण्याला काही आधार नाही.

इथे एक सावधगिरी. सर्व्हर अति जवळचाही चालत नाही. पुष्कळ कंपन्या आपल्याच जाळ्यात टेस्टचा सर्व्हर ठेवतात. त्यावर मोजलं की डेटा कंपनीच्या अंगणाबाहेर पडतच नाही. आकडा झकास येतो आणि रात्री नऊला व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. ओळखायची खूण सोपी: सर्व्हरच्या नावात ज्या कंपनीचं नाव आहे ती तुमचीच आहे का बघा. मी नेहमी दोन मोजण्या घेतो, दोन्ही मुंबईच्या: एक आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर, एक दुसऱ्याच्या. दोन्ही चांगल्या आल्या तर लाइन ठीक. पहिली चांगली आणि दुसरी संध्याकाळी सातत्यानं वाईट आली तर गर्दी बहुधा बाहेरच्या जोडणीत आहे, तुमच्या खांबावर नाही. दोन्ही वाईट आल्या तर दोष घरापासून कंपनीच्या जाळ्यापर्यंत कुठेतरी.

पण दुसऱ्याचा सर्व्हरही कधीकधी दमलेला असतो. तो काही तुमच्या एकट्यासाठी नसतो, त्याच वेळी त्यावर आणखी किती लोक मोजत असतील सांगता येत नाही. म्हणून एक कमी आकडा कुणाचाच गुन्हा सिद्ध करत नाही. चांगला आकडा मात्र पुरावा असतो: बाहेरच्या सर्व्हरवर ९४ आले म्हणजे तुमची लाइन तेवढं वाहू शकते, यात वाद नाही. म्हणून पणजीचे ६१ बघून मी या लाइनला नावं ठेवणार नाही. (९४ म्हणजे सहा गेले कुठे, असं कुणी विचारायच्या आत सांगतो: आपल्या राउटरचं पोर्ट १०० चं आहे, आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता वगैरे लिहायला थोडी जागा जाते. १०० च्या पोर्टवर ९४ म्हणजे पुरे भरले.)

मोबाइलवर हे सगळं थोडं धूसर होतं. टॉवर आणि फोन यांच्यातच पिंग इतका वर-खाली होतो की मुंबई आणि पणजीतला दहा-बारा मिलिसेकंदांचा फरक त्यात बुडून जातो. तिथे पिंगवरून निवडू नका. सरळ मुंबईचा सर्व्हर ठरवून टाका, फोन खिडकीपाशी ठेवा आणि तीन-चार मोजण्यांतली मधली धरा.

आणि तक्रार करणार असाल तर नुसता आकडा पाठवू नका. सर्व्हरचं नाव आणि गाव, पिंग, वेळ, केबलनं जोडलं होतं की वायफायनं, हे चारही लिहा आणि सकाळची व रात्री नऊची, अशा त्याच सर्व्हरवरच्या दोन मोजण्या जोडा. मग "सर्व्हर लांबचा असेल" हे उत्तर समोरच्याला देता येत नाही.