गोधडी कुठे टांगायची?

मंडळी, घरातल्या रेकॉर्डिंगची तक्रार साधारण एकच असते: आवाज बाथरूममधून आल्यासारखा येतो. दोष माईकला दिला जातो. दीड हजाराचा यूएसबी माईक काढून पाच हजारांचा आणला, तरी खोली तशीच घुमते. उलट चांगला माईक ते घुमणं आणखी स्पष्ट पकडतो.

आपण एक ठरावीक खोली घेऊ. दहा बाय बारा फूट, खाली टाइल्स, भिंतींना ऑइलपेंट, एक लोखंडी कपाट. टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्र्' अशी बारीक शेपटी ऐकू येते ना? तुमच्या प्रत्येक शब्दामागे हीच शेपटी लागते.

ही शेपटी शोषायला गोधड्या टांगायच्याच आहेत, पण त्या काढायच्या आधी फुकटचा उपाय करा. तोंड माईकपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर ते १५ सेंटिमीटरवर, म्हणजे लहानशा वितीवर आणा. अंतर एक चतुर्थांश झालं की तुमचा थेट आवाज माईकमध्ये जवळपास १२ डेसिबलने वाढतो. भिंतींवरून परतणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. मग गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण, खाली घ्या. गेनबरोबर घुमणंही खाली जातं. निम्मं काम इथेच होतं.

आता गोधडी. बहुतेक जण ती माईकच्या मागे, आपल्या तोंडासमोरच्या भिंतीवर लावतात. दिसायला स्टुडिओसारखं दिसतं, पण जागा चुकीची. हे माईक बहुधा कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरून ऐकतात आणि पाठीमागून फार कमी. माईकच्या समोर कोण आहे? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. त्या भिंतीवरून उसळून आलेला आवाज थेट माईकच्या तोंडात जातो. म्हणून पहिली गोधडी स्वतःच्या पाठीमागे. दुसरी आणि तिसरी दोन्ही बाजूंना. समोरची सगळ्यात शेवटी, उरली तर.

कपडे वाळत घालायचा स्टँड किंवा दोन खिळ्यांना बांधलेली नायलॉनची दोरी पुरते. गोधडी डोक्याच्या फूटभर वरपासून कमरेखालपर्यंत आली पाहिजे. ती ताणून लावू नका, पडद्यासारख्या चुण्या पडू द्या. आणि भिंतीला चिकटवू नका. मध्ये १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. भिंतीला अगदी लागून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत. कापड आवाज खातं ते हलणाऱ्या हवेला अडवून, त्यामुळे तिथे त्याला खायला काही मिळत नाही. जरा पुढे आणलं की तीच गोधडी आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते.

सोलापुरी चादर इथे फारशी उपयोगी नाही. पातळ असल्याने ती फक्त वरचे, 'स', 'श'चे सूर खाते. मधल्या सुरांचं खोक्यातल्यासारखं घुमणं तसंच राहतं, आणि आवाज घुमतोही आणि दबलेलाही वाटतो. जाड गोधडी, घोंगडी किंवा कापसाची रजई घ्या. तरी खर्जातलं घुमणं कुठलीही गोधडी थांबवत नाही. शंभर-दीडशे हर्ट्झच्या लाटा दोन-तीन मीटर लांब असतात. त्यांना चार बोटं कापूस म्हणजे काहीच नाही. त्यावर उपाय जागेचा: कोपऱ्यात बसू नका आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही नको. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर बसा. आणि हो, गोधडी बाहेरचा आवाज अडवत नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी येणारच. ती झाल्यावर पुन्हा बोला.

एक गोष्ट हमखास विसरते, ती म्हणजे टेबल. तोंडातून निघालेला आवाज टेबलावर आपटून माईककडे येतो, थेट आवाजापेक्षा फूटभर जास्त चालून, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद उशिरा. दोन्ही मिसळले की काही सूर एकमेकांना खोडतात आणि आवाज नळीतून आल्यासारखा होतो. जाड टॉवेलची चौपदरी घडी माईकखाली पसरा. त्याहून बरं म्हणजे माईक टेबलाच्या कडेला आणा आणि कागद स्टँडवर उभा धरा.

मग 'भाऊ, पाणी भर' हे वाक्य रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. 'भ' आणि 'प'वर धप् असा वारा लागत असेल, तर माईक तोंडासमोरून थोडा बाजूला सरकवा, पण त्याचं तोंड तुमच्या ओठांकडेच राहू द्या. काही माईकमध्ये वरून नव्हे, बाजूने बोलायचं असतं, तेही पाहून घ्या. चुकीच्या बाजूने बोललात तर आवाज लांबून आल्यासारखा येतो आणि सगळ्या गोधड्या वाया. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील.

पंखा बंद करून, बोलण्याआधी दहा सेकंद गप्प बसून ती शांतताही रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढा तुकडा निवडून 'Noise Reduction' मधलं 'Get Noise Profile' दाबलं, की कॉम्प्युटरची एकसुरी घरघर त्यावरून कमी करता येते. सहा-आठ डेसिबलवर थांबा, पुढे गेलात तर शब्द पाण्याखालून येऊ लागतात. घुमणं मात्र याने जात नाही. ते शब्दांबरोबर हलतं, त्या शांत तुकड्यात ते नसतंच.