आखूड बोटांसाठी नखाचा आकार आणि रंग: फोटोवरून निवड कशी करावी

(कोल्हापुरातील ब्युटी पार्लर चालवणाऱ्या आणि हे काम शिकणाऱ्या भगिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

भगिनींनो, साखरपुडा किंवा लग्न ठरले की आजकाल गिऱ्हाईक पार्लरमध्ये येण्याआधी तिच्या हाताचा फोटो आपल्या मोबाइलवर येऊन पडतो, आणि खाली बहुधा एकच ओळ असते: ‘ताई, माझी बोटे आखूड आहेत, काय शोभेल?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे नेमके आखूड काय आहे. बोट आखूड असू शकते, बोट ठीक असून नखाचा गुलाबी भाग आखूड आणि पसरट असू शकतो, किंवा दोन्ही ठीक असून फोटोनेच ते आखूड केलेले असू शकते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि माझ्या मते आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या असतात.

आधी फोटोचे पाहू. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा मोठा पट्टा टिपणारा असतो, त्यामुळे हात जवळ धरून फोटो काढला की कॅमेऱ्याजवळचा भाग अवाजवी मोठा आणि लांबचा भाग लहान दिसतो. मनगट पुढे आणि बोटे मागे राहिली, किंवा बोटे थोडी वाकली, की ती आपोआप आखूड दिसतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते की टेबलावर पांढरा कोरा कागद ठेवा, त्यावर हात सैल पण सपाट ठेवा, बोटांमध्ये थोडी फट राहू द्या, हाताशेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवा आणि मोबाइल अर्धा मीटर उंच, कागदाला समांतर धरून, थोडा झूम करून फोटो काढा. उजेड खिडकीचा हवा, पण थेट ऊन नको, आणि ट्यूबलाइट किंवा पिवळा बल्ब बंद हवा. ब्युटी मोड बंद ठेवायचा आणि फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे तो दाबला जाऊन नखाच्या कडा पुसट होत नाहीत.

यात नाण्याची दोन कामे आहेत. पहिले म्हणजे ते आपल्याला खरे-खोटे सांगते: फोटोत नाणे गोल न दिसता लंबगोल दिसले, तर मोबाइल तिरका होता आणि त्या फोटोवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. दुसरे काम मापाचे. या दोन धातूंच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे ते आपली मोजपट्टी बनते. नख कागदापेक्षा दीड-एक सेंटिमीटर उंच असते, म्हणून ते नाण्याच्या मानाने किंचित मोठे येते. अर्ध्या मीटरवरून हा फरक तीनेक टक्क्यांचा असतो, पण पंधरा सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत तो दहा टक्क्यांच्या वर जातो. जवळून फोटो काढू नका असे मी आग्रहाने सांगते, त्याचे हे एक कारण आहे.

आता एक हात घेऊ. समजा, साखरपुड्याला तीन आठवडे उरलेल्या एका मुलीने असा फोटो पाठवला आहे. मोठा करून पाहिला तर नाण्याची रुंदी ५४० पिक्सेल भरते, म्हणजे २० पिक्सेलला एक मिलिमीटर. अनामिकेच्या नखाची रुंदी २४० पिक्सेल, म्हणजे १२ मिलिमीटर. क्युटिकलपासून गुलाबी भाग संपेपर्यंतची लांबी २०० पिक्सेल, म्हणजे १० मिलिमीटर, आणि त्यापुढची पांढरी मोकळी कडा ३० पिक्सेल, म्हणजे दीड मिलिमीटर. नखाची एकूण लांबी साडेअकरा आणि रुंदी बारा, म्हणजे नख लांबीपेक्षा रुंद आहे. या मुलीचे बोट फारसे आखूड नाही, नख पसरट आहे, आणि त्यामुळे संपूर्ण बोट आखूड वाटते. तेव्हा आपले काम बोटावर नाही, या साडेअकरा आणि बाराच्या नात्यावर आहे.

ते नाते किती बदलता येते, हे हिशेबाने पाहू. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणून तीन आठवड्यांत ते दोनेक मिलिमीटर वाढेल. मोकळी कडा साडेतीन होईल, आकार देताना त्यातला अर्धा मिलिमीटर जाईल, तीन उरतील. क्युटिकल कोमट पाण्यात मऊ करून हळुवार मागे सारले, कात्री न लावता, तर वरच्या बाजूला अर्धा मिलिमीटर नख उघडे होते. एकूण लांबी साडेतेरा झाली. रुंदी बाराच राहील, पण गडद नेलपॉलिश लावताना दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरची बारीक रेघ मोकळी सोडली, तर रंगवलेली पट्टी अकरा मिलिमीटरची होते. क्युटिकलशी तेवढीच जागा सोडावी लागते, म्हणून रंगाची लांबी तेरा धरू. तेराला अकराने भागले की सुमारे १.२ येते. कृत्रिम नख न चिकटवता पसरट नख उभट झाले, आणि बघणाऱ्याच्या नजरेत ते बोटाच्या लांबीत जमा होते.

आकाराचा निर्णय मोकळ्या कडेवर अवलंबून असतो, आवडीवर नंतर. फोटोतल्या दीड मिलिमीटरच्या कडेवर फक्त राउंड आकार बसतो. तीन मिलिमीटर मिळाले की ओव्हल होतो, आणि आखूड बोटांसाठी मी बहुतेक वेळा तोच निवडते, कारण त्याच्या बाजू हळूहळू आत येतात आणि नजर टोकाकडे जाते. आमंड म्हणजे बदामी आकार याहून लांब दिसतो, पण त्याला चार-पाच मिलिमीटर कडा लागते आणि स्वतःच्या नखावर तो टिकतोच असे नाही. स्क्वेअर मात्र पसरट नखावर टाळावा, कारण टोकाची आडवी रेघ नखाची सगळी रुंदी उघड करते. कोपरे किंचित गोल केलेला स्क्वेअर थोडा सुसह्य असतो, पण दोन्ही पर्याय समोर असतील तर माझे मत ओव्हलकडे जाते.

ओव्हल करताना जी चूक सर्रास होते ती फोटोतही ओळखता येते. नख मांसातून सुटून मोकळे होते, त्या दोन्ही बाजूंच्या बिंदूंवर नखाचा सगळा ताण असतो. फाइल त्या बिंदूंच्या खाली नेली की नख अधिक निमुळते दिसते खरे, पण आठवडाभरात बाजूने चीर पडते. म्हणून १८० ग्रिटची फाइल घ्यावी, बाजूकडून मध्याकडे एकाच दिशेने फिरवावी आणि वळण त्या बिंदूंच्या वरच सुरू करावे. गिऱ्हाईक जुन्या कामाचा फोटो दाखवून ‘मागच्या वेळी नखे मोडली’ असे म्हणाले, तर आधी तेथे पाहावे. ज्वारीची भाकरी हाताने थापणाऱ्या घरात तीन मिलिमीटरपेक्षा लांब कडा ठेवू नये, असेही मी सांगते. भाकरीत नख रुतते आणि मोडते ते नखच.

आता रंग. येथे फोटोवर भरवसा कमी ठेवावा लागतो. पांढरा कागद फोटोत पिवळसर दिसत असेल, तर त्वचाही तेवढीच पिवळसर आलेली आहे, आणि अशा फोटोवरून न्यूड निवडला तर तो प्रत्यक्षात चुकतो. फोटोवरून मी फक्त गडद-फिकटपणा ठरवते. त्यासाठी फोटो कृष्णधवल करते आणि बोटाच्या मधल्या पेरावरच्या त्वचेची करडी छटा पाहते; सांध्यावरची त्वचा काळसर असते, ती धरू नये. मग शेड लावलेल्या टिप्सचा त्याच उजेडात फोटो घेऊन तोही कृष्णधवल करते. ज्या शेडची करडी छटा त्वचेच्या छटेएवढी किंवा किंचित गडद येते, ती न्यूड म्हणून चालते. तीत नखाची कड विरून जाते आणि बोट नखासकट सलग दिसते. शेड त्वचेपेक्षा बरीच फिकट असेल, विशेषतः दुधी गुलाबी, तर सावळ्या हातावर ती खडूसारखी दिसते आणि पसरट नख आणखी पसरट भासते. त्वचा पिवळसर आहे की गुलाबी, याचा निवाडा टिप प्रत्यक्ष बोटाशेजारी धरूनच करावा.

गडद रंग आखूड बोटांना वर्ज्य आहेत, असे अनेकजणी मानतात. मला ते अर्धेच पटते. मरून किंवा वाइनसारखा रंग नखाच्या कडेपर्यंत पूर्ण भरला तर तो पसरटपणाची आखीव रेघ काढतो, पण बाजूंना आधी सांगितलेली फट सोडली तर तोच रंग अरुंद, उभी पट्टी दाखवतो. न्यूडमध्ये ही फट दिसतच नाही, म्हणून तेथे ती सोडण्याचा फायदा नाही. फ्रेंच टोक हवेच असेल तर पांढरी पट्टी एक मिलिमीटरपेक्षा जाड नको, कारण जाड आडवी पट्टी नखाचे दोन तुकडे करते.

लग्नाच्या हाताला आणखी एक पेच असतो, तो मेंदीचा. बोटांची टोके मेंदीने पूर्ण भरतात, आणि मेंदी पहिल्या दिवशी नारिंगी असून पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होते. मेंदीआधीच्या फोटोवरून निवडलेला न्यूड मग त्या टोकांवर फिका आणि परका दिसतो. म्हणून नवरीसाठी मी कॅरॅमल, विटकरी किंवा मरून या गडद बाजूच्या शेड्स सुचवते, आणि मेंदीआधी नखांवर पारदर्शक नेलपॉलिशचा थर लावायला सांगते. नखावर चढलेला मेंदीचा रंग पुसला जात नाही, तो नखाबरोबर वाढून निघून जातो, आणि फिक्या शेडखालून तो डोकावतो. न्यूड लावणाऱ्या बाईने हळदीच्या कार्यक्रमानंतरच रंग लावावा, कारण हळद फिक्या पॉलिशवर पिवळी छटा सोडते.

शेवटचे सांगायचे राहिले ते अंगठ्याचे. हात सपाट ठेवला की अंगठा आडवा पडतो, त्याचे नख बाजूने दिसते आणि त्या फोटोतले माप निरुपयोगी ठरते. अंगठ्याचा वेगळा फोटो, त्याचे नख वर करून, मागवावा. काही बायकांच्या अंगठ्याचे नख जन्मतःच आखूड आणि रुंद असते, कधी एकाच हाताचे. आकार देऊन ते इतर बोटांसारखे होणार नाही. अशा वेळी अंगठ्याला राउंड आकारच द्यावा, कडा बोटाच्या मांसाच्या जेमतेम पुढे ठेवावी, दहाही नखांना तोच रंग लावावा आणि बाजूंची फट अंगठ्यावर तेवढी किंचित मोठी सोडावी.