"काहीबी चाली" म्हणणाऱ्यांना नाव कसं सुचवायचं

मंडळी, बारसं आठ दिवसांवर आलं की एक मागणी हमखास येते. "मुलगी झालीय, एखादं चांगलं नाव सुचवा." अक्षर कोणतं काढलंय? "काहीबी चाली." अर्थ कसा हवा? "चांगला असला म्हणजे झालं." जुनं हवं, नवं हवं, मराठी हवं की संस्कृत? "तुम्हीच सांगा." घरातल्या कोणाची काही इच्छा? "कोणाचंच काही नाही."

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात, ती म्हणजे लगेच वीस-पंचवीस नावं पाठवतात. मग एकेक नाव बाद होऊन परत येतं. हे शेजारच्या मुलीचं आहे, ते ऐकायला कसंतरी वाटतं, तिसरं आजीला म्हणता येत नाही. म्हणजे पसंती होती, फक्त कोणी बोललं नव्हतं. आपल्याला काय हवं हे माणसाला चटकन सांगता येत नाही, पण काय नको हे लगेच सांगता येतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: कोणती नावं नकोत? भावकीत, म्हणजे चुलत घरांत आणि आजोळी, आधीच असलेली नावं कागदावर उतरवून घ्या. आजी-आजोबा, काका-काकू यांचीही घ्या. ज्या घरात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तिथे नातवाला तेच नाव ठेवलं तर आईच त्याला वर्षानुवर्षं "बाळ्या" म्हणत राहते आणि खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरतं. काही घरांत आजोबांचं नाव मुद्दाम ठेवतात. तिथे हा नियम उलटा, म्हणून विचारलेलं बरं.

नकोशा नावांची यादी झाली की हव्या नावाकडे वळायचं, पण पुस्तकातून नव्हे, बाळाच्या घरातून. मागणाऱ्याने अट घातली नसली तरी चार अटी घरात असतातच: आडनाव, आईवडिलांची नावं, घरात बोलली जाणारी बोली, आणि बाळाचे कागद कोणत्या गावी, कोणत्या लिपीत निघणार.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. समजा, पारोळा तालुक्यातलं घर आहे. आडनाव सोनवणे, वडील संदीप, आई कविता, थोरला मुलगा सार्थक. वडील सुरतेला कापडाच्या कामावर, बाळंतपण धुळ्याला. सुरत मुद्दाम घेतली, कारण खान्देशातली कितीतरी घरं तिकडे आहेत. मुलीसाठी सहा नावं समोर आली: सान्वी, ऋतुजा, मृणाल, नीरजा, तेजल, ओवी.

आधी नाव पूर्ण म्हणून पाहायचं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. पूर्वी तीन शब्द जुळवावे लागत, आता चार. "सान्वी कविता संदीप सोनवणे" हे मोठ्याने म्हणा. चारपैकी तीन शब्द "स"वर सुरू होतात, घरात सार्थकही आहे. घरात एकाच अक्षराची नावं ठेवण्याची हौस पुष्कळांना असते आणि ती काही वाईट नाही. पण भाऊ-बहिणीच्या पहिल्या नावाचं आद्याक्षर आणि आडनाव एकच असलं की आद्याक्षरांवर चालणाऱ्या याद्यांत आणि पार्सलवर दोघांची गल्लत होते. माझ्या मते हे नाव इथेच सोडावं. उलट "ओवी कविता संदीप सोनवणे" म्हणताना जीभ कुठे अडत नाही. पुढची तीन नावं लांब असली की पहिलं नाव दोन अक्षरांचं, फार तर तीन अक्षरांचं शोभतं.

दुसरी परीक्षा आजीच्या तोंडची, आणि आपल्याकडे तिला सगळ्यात जास्त वजन द्यायला हवं. अहिराणीत आणि लेवा बोलीत "ण"चा "न" होतो, पाणी म्हणजे पानी. "ळ" बऱ्याच ठिकाणी "य"वर जातो, डोळा म्हणजे डोया. "ऋ" तर प्रमाण मराठीतही "रु" म्हणून उच्चारतात आणि हिंदीत "रि". आता मृणाल पाहा. मृ आणि ण, दोन्ही अवघड अक्षरं एकाच नावात. घरात ते "मिरनाल" होईल, मग "मिनू", आणि शाळेत बाई "मृणाल" म्हणून हजेरी घेतील तेव्हा पोर पहिले काही दिवस ओ देणार नाही. मंजुळा नाव ठेवलं तर मंजुया ऐकायची तयारी ठेवा. यात बोलीचा काही दोष नाही. बोलीत नाव गोडच होतं, अनेकदा मूळ नावापेक्षा गोड. फक्त घरातलं रूप तुम्हाला आवडतं का, हे आधी ऐकून घ्या. त्यासाठी आजीला नाव वाचून दाखवू नका. "अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला हाक मारा" एवढंच सांगा आणि कान द्या. हाकेत शेवटचा स्वर लांबतो, म्हणून "ओवी", "नीरजा" अशी आ-ईवर संपणारी नावं लांबवर पोचतात. "तेजल"सारखं नाव हाकेत "तेजूऽ" किंवा "तेजलेऽ" होणार, हे धरून चाला.

तिसरी परीक्षा लिहिण्याची. दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ चुकतं का? नीरजा हे नाव निम्मे लोक "निरजा" लिहितील. सुनीताचं सुनिता झालेलं तुम्ही रोज पाहता. इंग्रजीत एकाच नावाची किती स्पेलिंगं होतात? ऋतुजा आपल्याकडे Rutuja, हिंदी भाषक कारकुनाकडे Rituja. ज्ञानेश जळगावात Dnyanesh, सुरतेच्या शाळेत Gnanesh होऊ शकतो, कारण गुजरातीत "ज्ञ"चं इंग्रजी वळण वेगळं आहे. ओवीचं Ovi की Owi, हा प्रश्न राहतोच. "व"ला V की W याचा घोळ सोनवणे आडनावातही आहे: Sonawane, Sonwane, Sonavane. अशा घराने वडिलांच्या आधारवर जे आहे तेच बाळाला ठेवावं आणि बाळाच्या नावातल्या "व"लाही तेच अक्षर वापरावं, म्हणजे निदान घरात तरी एकच पद्धत राहील. तेजल या बाबतीत सगळ्यात सरळ. Tejal, मराठीत आणि गुजरातीतही सारखंच, आणि पारोळा-सुरत ये-जा असणाऱ्या मुलीला हे सोयीचं.

अर्थाचं काय? मागणाऱ्याने अर्थ सांगितला नसला तरी बारशाला कोणीतरी विचारणारच. नावांच्या याद्यांत "सूर्याचा पहिला किरण" हा अर्थ इतक्या नावांना चिकटवलेला दिसतो की सूर्याला दुसरं काही कामच नसावं. अयांशसारखी हल्लीची पुष्कळ नावं संस्कृत कोशात तयार शब्द म्हणून मिळत नाहीत, अर्थ मागाहून जोडलेला असतो. नाव आवडलं तर जरूर ठेवा, पण तो अर्थ पत्रिकेवर छापू नका. तपासायचं असेल तर संस्कृत शब्दासाठी आपट्यांचा कोश आणि मराठीसाठी मोल्सवर्थचा, दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. दहा मिनिटांचं काम आहे. नीर म्हणजे पाणी आणि ज म्हणजे जन्मलेलं, असं नीरजा उलगडून दाखवता येतं. ओवी तर जात्यावर म्हटली जायची, आणि बहिणाबाईंच्या मुलखात तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता एक धोक्याची सूचना. "अक्षराचं काही नाही" असं सांगणाऱ्या घरात बारशाच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींनी काढलेलं अक्षर अवतरतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी एकशे आठ अक्षरं पंचांगात असतात. त्यांतल्या आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला "ङ" आणि हस्ताच्या तिसऱ्याला "ण" आहे. त्यावरून नाव काय ठेवणार? जुनी सोय अशी आहे की ते जन्मनाव पत्रिकेत राहतं आणि व्यवहाराचं नाव वेगळं असतं. फुईने पाळण्यात कानात सांगायचं नाव कोणतं आणि कागदावरचं कोणतं, हे आधी ठरवून घ्या, म्हणजे ऐनवेळी तंटा होत नाही. पण एखाद्या घराची अक्षरावर श्रद्धा असेल तर ते आधीच धरा. सहा नावं तपासून झाल्यावर नव्हे.

राहिला कागद. जन्माची माहिती 21 दिवसांत नोंदवायची असते आणि नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, घर जिथे आहे तिथे नाही. आपल्या उदाहरणातली मुलगी धुळ्याला जन्मली, तर पारोळा तालुक्यातल्या आपल्या गावच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून काही मिळणार नाही. सुरतेला जन्म झाला असता तर दाखला गुजराती आणि इंग्रजीत आला असता. अशा वेळी इंग्रजी स्पेलिंग फार जपून ठरवावं लागतं, कारण पुढे मराठी नाव त्यावरूनच लिहिलं जातं.

नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नये. नावाशिवाय नोंद होते आणि 12 महिन्यांच्या आत नाव शुल्काशिवाय घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. म्हणजे बारशापर्यंत नाव ठरलंच पाहिजे अशी कायद्याची घाई नाही. मात्र वर्ष सरू देऊ नका. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट या सगळ्याला जन्मदाखलाच मूळ पुरावा आहे, त्यामुळे त्यावर जे छापलं जाईल तेच पुढे चालतं. अक्षराची चूक दुरुस्त करता येते, पण "आता हे नाव आवडत नाही" म्हणून दाखल्यावरचं नाव बदलणं सोपं नाही.

तर त्या सोनवण्यांच्या घरी काय सांगायचं? ओवी आणि तेजल, दोनच नावं. तिसरं मागितलं तर नीरजा, ऱ्हस्व-दीर्घाची सूचना देऊन. निवड घरचे करतील. ओवी ठरलं तर नोंद करणाऱ्याला तोंडी सांगू नका. एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि इंग्रजीत लिहून द्या, आईचं आणि वडिलांचं नाव त्यांच्या आधारवर आहे तसंच, वेलांटीसकट. दाखला छापण्याआधी पडद्यावर दाखवायला सांगा, आणि एकाने वाचायचं, दुसऱ्याने कागदाशी ताडून पाहायचं.